फिरता दंडगोल आणि बाईंचा कागद

1937 साली मुंबईत भारतातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र उघडलं. ते काढणारी संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची होती. तिचं नाव सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. आज आपण तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. अशा केंद्रांची रीत ठरलेली असे. मानसोपचारतज्ज्ञ मुलाशी बोलायचे, मानसशास्त्रज्ञ चाचणी घ्यायचे आणि समाजकार्यकर्ता घरी व शाळेत जाऊन माहिती आणायचा. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामतांनी 1934 साली बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. म्हणजे चाचणी आणि घरा-शाळेची साक्ष हे दोन्ही मार्ग आपल्याकडेही तेव्हापासून होते. मात्र दोन्हींनी वेगवेगळं सांगितलं तर काय करायचं, हा प्रश्न अजून ठळकपणे पुढे आला नव्हता.

1937 सालीच अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर डोकेदुखीवर औषध शोधत होते. मेंदूचं छायाचित्र काढण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातून द्रव काढून तिथे हवा भरत, आणि त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. ब्रॅडलींनी बेंझेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखी काही थांबली नाही. पण रुग्णालयातल्या शाळेचे शिक्षक सांगू लागले की मुलं एकदम अभ्यासाला लागली आहेत. ब्रॅडलींनी मग 30 मुलांवर पद्धतशीर निरीक्षण केलं. त्यातल्या 14 मुलांच्या शाळेच्या कामात ठळक फरक पडला. मुलं स्वतःच त्या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. बदल आधी दिसला तो वर्गात, शिकवणाऱ्या माणसाला.

तरी पुढची वीस वर्षं या शोधाला फारसा उठाव मिळाला नाही. अशा मुलांबद्दल डॉक्टरांचा समज वेगळ्याच घटनेनं घडला होता. 1917 नंतरच्या दशकभरात युरोप-अमेरिकेत मेंदूज्वराची एक विचित्र साथ पसरली. त्यातून वाचलेली अनेक मुलं पूर्वी शांत होती, ती आता क्षणभर एका जागी बूड टेकेनात. हाताला येईल ते फेकू लागली. त्यावरून एक तर्क निघाला की मूल असं वागतं, म्हणजे त्याच्या मेंदूला कुठेतरी इजा झालेली असणार. इजा सापडली नाही तर ती अगदी सूक्ष्म असेल, असं समजायचं. ‘किमान मेंदू-इजा’ हे निदान त्यातून आलं. शोध इजेचा होता, म्हणून ती पकडणारं यंत्र हवं होतं.

ते यंत्र 1956 साली आलं. रॉस्वोल्ड, मर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या या चाचणीचं नाव ‘कंटिन्युअस परफॉर्मन्स टेस्ट’. एका फिरत्या दंडगोलावर अक्षरं लावलेली असत. फटीतून एकेक अक्षर दिसे, साधारण सेकंदाला एक. ‘एक्स’ दिसला की कळ दाबायची. दुसऱ्या, अवघड प्रकारात ‘ए’नंतर ‘एक्स’ आला तरच दाबायची. नुसता ‘एक्स’ आला तर हात आवरायचा. दहा मिनिटं हेच. मर्स्कींचं लक्ष होतं ते लहानग्या फिट्सकडे, ज्यांत मूल दोन-चार सेकंद नुसतं शून्यात पाहतं आणि परत भानावर येतं. असे निसटलेले क्षण पकडायचे तर सतत, न थांबता चालणारं काम द्यायला हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाहणाऱ्या ब्रिटिश सैनिकांची नजर अर्ध्या तासात ढिली पडते, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 साली दाखवलं होतं. तोच विचार इथे दहा मिनिटांत बसवला होता.

मेंदूला खरोखर इजा झालेली माणसं या चाचणीत अडखळली. चाचणी दोन तऱ्हांच्या चुका वेगळ्या मोजत असे. ‘एक्स’ आला आणि दाबलं नाही, ही हुकलेली संधी. ‘एक्स’ नसताना दाबलं, ही घाई. आजही संगणकावर किंवा टॅबवर मुलाला बसवतात, तेव्हा मूळ हिशेब हाच असतो.

तिकडे दुसरी वाट औषधांच्या अभ्यासातून निघाली. मुलाला औषध लागू पडलं की नाही हे ठरवायचं कसं? डॉक्टरपुढे मूल दहा मिनिटं बसतं आणि त्या दहा मिनिटांत ते बहुधा गुणी असतं. नवी जागा, अनोळखी माणूस, सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे. अशा वेळी चळवळी मुलंही स्थिर होतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कीथ कॉनर्स यांनी म्हणून शिक्षकांनाच विचारायचं ठरवलं. 1969 साली त्यांनी 39 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानापुढे ‘अजिबात नाही’पासून ‘फारच’पर्यंत चार पर्याय, शून्य ते तीन गुण. बाईंनी खुणा करायच्या आणि बेरीज करायची. ब्रॅडलींच्या शिक्षकांनी तोंडी सांगितलं होतं, ते आता आकड्यात आलं.

त्याच सुमारास नागपुरात डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. मराठी मुलुखातल्या मानसशास्त्रज्ञांना ती ‘मिसिक’ म्हणूनच ठाऊक आहे. बुद्ध्यंक काढण्यासाठीच्या या पेटीत अंक ऐकून त्याच क्रमानं किंवा उलटे म्हणणं, चिन्हांची जोडी भराभर लिहिणं आणि चक्रव्यूहातून पेन्सिलीनं वाट काढणं अशा उपचाचण्या आहेत. पुढे लक्षाची कसोटी म्हणून लोक त्यांच्याकडेच वळले. महाराष्ट्रातल्या अनेक मुलांच्या फायलींत अवधानाबद्दलचा पहिला आकडा येतो तो याच पेटीतून.

1971 साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी कॅनडाच्या मानसशास्त्र परिषदेत अध्यक्षीय भाषण केलं. तोवर सगळ्यांच्या डोळ्यांत भरत होती ती मुलांची चळवळ. डग्लस यांनी सांगितलं की खरी अडचण टिकून लक्ष देण्यात आणि स्वतःला आवर घालण्यात आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत हीच मुलं आपल्या गतीनं करायच्या कामात इतरांच्या बरोबरीनं चालत. काम यंत्राच्या गतीनं येऊ लागलं की घसरत. मला हे निरीक्षण या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. क्षमता नाही असं नव्हे, ती सलग आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकानुसार वापरता येत नाही, हे त्यात आहे. 1980 साली अमेरिकन मनोविकार संघटनेनं विकाराचं नाव बदलून त्यात लक्षाची उणीव पुढे आणली. 1987मध्ये त्यात अतिचंचलता पुन्हा जोडली गेली आणि एडीएचडी हे नाव रूढ झालं.

पण लक्ष का टिकत नाही? याचं उत्तर मेंदूच्या पुढच्या भागाच्या अभ्यासातून आलं. कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या माणसांची बुद्धी, वाचा, स्मरण पुष्कळदा शाबूत असतं, पण ठरवलेलं तडीला नेता येत नाही. बेत आखणं, आतून आलेली ऊर्मी थोपवणं, मध्येच नियम बदलला तर स्वतः बदलणं, पुढची पायरी मनात धरून ठेवणं, या व्यवस्थापकाच्या कामांना ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’ म्हणू लागले. आपण कार्यकारी क्षमता म्हणू. 1996 साली ब्रूस पेनिंग्टन आणि सॅली ओझोनॉफ यांनी त्यावरचं संशोधन एकत्र मांडलं. 1997 साली रसेल बार्कली यांनी त्याला पूर्ण सिद्धांताचं रूप दिलं.

बार्कलींची मांडणी अशी. मुळात एकच गोष्ट बिघडते, ती म्हणजे स्वतःला थोपवणं. ऊर्मी आली आणि कृती घडली, यांच्यात क्षणभराचं अंतर पडलं पाहिजे. त्या अंतरातच मूल मागचं आठवतं, स्वतःशी बोलतं, राग-लोभ सावरतं आणि नवा मार्ग जुळवतं. अंतरच पडलं नाही तर या चारही कामांना जागा मिळत नाही. म्हणून एडीएचडी असलेल्या मुलाला काय करायचं ते पुष्कळदा माहीत असतं, पण माहीत असलेलं त्या क्षणी हातून घडत नाही. ‘सांगून सांगून थकले, पाठ म्हणून दाखवतो आणि लगेच तेच करतो’ असं आई कंटाळून म्हणते, त्याचा हा नेमका खुलासा होता.

हे अंतर मोजणारी चाचणीही हाताशी होती. गॉर्डन लोगन आणि विल्यम काउअन यांनी 1984 साली तिची बैठक घातली होती. पडद्यावर एक आकृती दिसली की डावी कळ, दुसरी दिसली की उजवी. मधूनच, साधारण चारात एकदा, ‘टुण्’ आवाज होतो. आवाज आला की दाबायचं नाही. मुलाला थांबणं जमलं तर पुढच्या वेळी आवाज थोडा उशिरा येतो, नाही जमलं तर लवकर. होता होता अशी वेळ सापडते की थांबणं निम्म्यांदाच जमतं. त्यावरून मनाचा ब्रेक लागायला किती मिलिसेकंद लागतात ते काढता येतं. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटाचा ब्रेक उशिरा लागतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं.

सगळं जुळून आल्यासारखं वाटत होतं. प्रश्नावली बाहेरची लक्षणं सांगेल, चाचणी आतलं कारण दाखवेल आणि दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतील.

तसं झालं नाही. खटका आधी दवाखान्यांत जाणवला. बेत आखण्याच्या चाचण्या झकास करणारं मूल घरी दप्तर भरू शकत नव्हतं. म्हणून 2000 साली जिरार्ड जिओया आणि सहकाऱ्यांनी कार्यकारी क्षमतांसाठीच 86 प्रश्नांची प्रश्नावली काढली, आई-वडिलांसाठी एक, शिक्षकांसाठी एक. मग 2005 साली एरिक विलकट यांनी 83 अभ्यासांची बेरीज मांडली. सहलेखकांत पेनिंग्टन स्वतः होते. निष्कर्ष त्यांच्याच सिद्धांताला मुरड घालणारा होता. गट म्हणून फरक खरा होता, पण मध्यम. एडीएचडी नसलेली शंभर मुलं चाचणीतल्या गुणांप्रमाणे कच्च्या टोकापासून ओळीत उभी केली, तर एडीएचडी असलेलं सरासरी मूल साधारण सत्ताविसाव्या जागी उभं राहील. कच्चं खरं, पण त्याच्याही खाली इतकी मुलं उभी आहेत ज्यांना हा विकार नाही. त्याच वर्षी जोएल निग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोणतीही एक चाचणी घेतली तरी एडीएचडीच्या निम्म्याहून कमी मुलांचे गुण स्पष्टपणे कमी असतात.

मग उरलेल्यांचं काय? ब्रिटनमधल्या एडमंड सोनुगा-बार्क यांनी 1992पासून वेगळं कारण पुढे ठेवलं होतं. त्यांच्या प्रयोगात मुलं मोठ्या बक्षिसासाठी थांबण्याऐवजी लहान बक्षीस लगेच घेत. पण लगेच घेतल्यानं एकूण बसण्याचा वेळ कमी होत नाही, असं केलं की तीच मुलं इतरांसारखी थांबू लागली. त्यांना थांबता येत होतं. ताटकळणं सोसवत नव्हतं. म्हणजे एकाच नावाखाली निदान दोन वाटांनी आलेली मुलं होती, आणि ब्रेकची चाचणी त्यांतल्या एकाच वाटेवर पहारा देत होती.

2013 साली मॅगी टोप्लाक, रिचर्ड वेस्ट आणि कीथ स्टॅनोविच यांनी कार्यकारी क्षमतांची प्रश्नावली आणि चाचणी दोन्ही ज्यांत वापरल्या होत्या असे 20 अभ्यास तपासले. दोन्हींतल्या सहसंबंधाचा मध्यक 0.19 निघाला. एकावरून दुसरी ओळखणं जवळपास अशक्य. त्यांचा खुलासा साधा होता. चाचणीत काय करायचं ते दुसरा सांगतो, वेळ तो धरतो, आवाज-गोंगाट तो बाजूला ठेवतो. म्हणजे मुलाच्या व्यवस्थापकाचं निम्मं काम परीक्षकच करत असतो. चाचणी सांगते की उत्तम परिस्थितीत मूल किती करू शकतं. प्रश्नावली सांगते की रोजच्या दिवसात ते किती करतं. बार्कलींनीही तोवर कार्यकारी क्षमतांसाठी स्वतःच्या प्रश्नावल्या काढल्या होत्या.

याच 2013च्या फेब्रुवारीत पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी करून शोधायच्या 30 आजारांच्या यादीत एडीएचडीचं नाव होतं, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी केंद्रं उभी करायची होती. आतापर्यंत मोठ्या शहरांतल्या तज्ज्ञांपुरता असलेला हा पेच त्यामुळे जिल्ह्याच्या गावांत आला. छत्रपती संभाजीनगरात तो कसा दिसतो ते एका कल्पित मुलाच्या फायलीवरून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत.

गारखेड्यातला नऊ वर्षांचा मुलगा, चौथीत, मराठी माध्यम. वह्या अर्धवट, डबा शाळेत विसरतो, गणित येतं पण चिन्ह न पाहताच सोडवतो. मोफत मिळणारी व्हँडरबिल्ट प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ मराठीत वाचून दाखवतात. तिच्यात लक्षाबद्दल नऊ आणि चंचलतेबद्दल नऊ विधानं आहेत. ‘बऱ्याचदा’ किंवा ‘नेहमीच’ असं उत्तर असेल तरच लक्षण धरायचं, आणि नवातली सहा भरली तर पुढे जायचं. आईच्या कागदावर लक्षाची सात, चंचलतेची तीन. बाईंच्या कागदावर सात आणि दोन. वडिलांचं म्हणणं, ‘मीही लहानपणी असाच होतो.’ मिसिकवर बुद्ध्यंक 104. हे प्रमाणक अर्धशतकापूर्वीचे असल्यानं आकडा थोडा फुगलेला धरावा लागतो. टॅबवरच्या सततच्या चाचणीत हुकलेले आणि घाईचे प्रतिसाद वयाच्या मानानं ठीक. अहवालाच्या शेवटी छापील ओळ, ‘अवधान सामान्य मर्यादेत.’

इथे घाईचा माणूस म्हणेल की चाचणीत काही नाही, आई-बाईंचं अतिरंजित आहे. पण चाचणीच्या आतला तक्ता उलगडून पाहिला तर वेगळं दिसतं. सरासरी वेळ ठीक आहे, मात्र एकदा झटकन, एकदा फार उशिरा अशी ती कमालीची खालीवर होते. रंगीत ठिपक्यांतून लाल-पिवळे खोडायच्या चाचणीत पहिल्या ओळी स्वच्छ आहेत आणि सुटलेले ठिपके बहुतेक शेवटच्या ओळींत. चौकोनांना बोट लावून दाखवलेला क्रम सरळ जमतो, उलटा करायला सांगितला की कोसळतो. या खुणांवर निदान ठरत नाही. पण बाईंच्या कागदावरचं ‘काम पूर्ण करत नाही’ हे विधान कसं घडतं ते त्यांतून कळतं. सुरुवात ठीक, पुढची पायरी मनात धरणं अवघड, आणि शेवटाकडे घसरण.

मग उरतं ते बाकीचं पुसून काढणं. कान आणि डोळे तपासायचे. झोप विचारायची, घोरतो का तेही. वाचन-लेखनाची चाचणी स्वतंत्र घ्यायची, कारण वाचता न येणारं मूलही वाचनाच्या तासाला इकडेतिकडे पाहतं. मध्येच दोन-चार सेकंद थिजल्यासारखं होतं का, हाक मारली तरी ओ देत नाही का, हे विचारायचं. तसं असेल तर ईईजी. मर्स्की ज्या निसटलेल्या क्षणांच्या मागावर होते, ते इथे खरोखर निघू शकतात. आणि लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, घर आणि शाळा दोन्हीकडे आहेत का, हे मुलाखतीतूनच ठरतं.

उलट फाईलही याच शहरात येते. उर्दू माध्यमातली मुलगी, टॅबवर गुण फार कमी, पण आई आणि बाई दोघींच्या कागदांवर काहीच नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती आणि ती तिच्या सरावाची नव्हती. तीच चाचणी चित्रं किंवा आकृत्या घेऊन केली की गुण वर येतात. तो फरक दिसला की अडचण लिपीची होती हे कळतं.

कागदही चुकतात. थॉमस अखेनबाख आणि सहकाऱ्यांनी 1987 साली 119 अभ्यास पाहिले, तेव्हा एकाच मुलाबद्दल आई-वडील आणि शिक्षक यांचं एकमत 0.28च्या आसपासच निघालं. साठ मुलांच्या वर्गातल्या बाईंना मागच्या बाकावरची स्वप्नाळू मुलगी दिसत नाही, आणि जो मुलगा उलट उत्तर देतो त्याच्या अठराही रकान्यांत खूण पडते. सगळ्या रकान्यांत सारखीच खूण असली, तर बाईंना फोन करून एकेका विधानाचं उदाहरण विचारावं लागतं. ‘मागच्या आठवड्यात काय झालं, सांगा ना.’ उदाहरण आलं नाही, तर ती खूण बाजूला ठेवायची.

निदान झालं तरी कागदोपत्री अडचण राहते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून इथे अनेक पालक परीक्षेतल्या सवलतीच्या प्रमाणपत्रासाठी येतात आणि लक्षाची गोष्ट त्याच फायलीत मागून निघते.

गारखेड्यातल्या मुलाच्या अहवालात अखेर लक्षाची उणीव ठळक असलेला एडीएचडी, असं लिहिलं जातं. चाचण्यांचा उपयोग होतो तो पुढच्या पानावर. सूचना एका वेळी एकच द्यावी, गणिताचा कागद दोन तुकड्यांत द्यावा, पहिल्या बाकावर बसवावं, आणि गृहपाठ काय आहे ते फळ्यावरून उतरवून घेताना बाईंनी एकदा वही पाहावी. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, तेव्हा टॅब कपाटातच राहतो. बाईंकडे तोच दोन पानी कागद पाठवतात.